एक मिश्ना, दोन ताल्मूद

एक झगा दोघांनी धरला आहे. दोघांचंही म्हणणं एकच, ‘मला सापडला, सगळा माझाच.’ साक्षीदार कोणीच नाही. यहुदी धर्मशास्त्राचा निवाडा असा की, या झग्यात आपला वाटा निम्म्याहून कमी नाही, अशी शपथ प्रत्येकाने घ्यावी आणि झग्याची किंमत दोघांत वाटून द्यावी.

हा नियम ‘मिश्ना’तला आहे. इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेमचं मंदिर पाडलं, पुढे १३२ ते १३५ चं बंडही चिरडलं गेलं. गुरूकडून शिष्याकडे तोंडी चालत आलेलं धर्मशास्त्र अशा पडझडीत विस्कटून जाण्याची भीती होती. ते रब्बी यहूदा हानासी यांनी इ. स. २०० च्या सुमारास गॅलिलीत सहा विभागांत रचून दिलं. भाषा हिब्रू, वाक्यं सूत्रांसारखी आखूड.

सूत्र आलं की भाष्य आलंच. शपथ ‘निम्म्याहून कमी नाही’ अशी वाकडी कशासाठी? त्याने ‘सगळा माझा’ अशी शपथ घेतली, तरी सगळा त्याला मिळणार नाही. ‘निम्मा माझा’ म्हटलं, तर आधीचं बोलणं स्वतःच खोडल्यासारखं होईल. आणि वाटूनच द्यायचं, तर शपथ तरी कशाला? रब्बी योहानान सांगतात, नाहीतर कोणीही उठेल, दुसऱ्याचं कापड धरेल आणि ‘माझं’ म्हणेल. पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या या अरामी भाषेतल्या चर्चेला ‘गमारा’ म्हणतात. मिश्ना आणि गमारा मिळून ताल्मूद.

ही चर्चा दोन ठिकाणी चालली होती. एक गॅलिलीतल्या तिबेरिया वगैरे गावांत, दुसरी आजच्या इराकमधल्या सुरा आणि पुंबदिता इथल्या विद्यापीठांत. दोन्हीकडे ये-जा होती. योहानान स्वतः तिबेरियाचे, पण त्यांचा वरचा खुलासा बाबिलोनी ताल्मुदात आहे.

गॅलिलीत रोमन सत्ता ख्रिस्ती झाली आणि यहुद्यांवरची बंधनं वाढत गेली. तिथली चर्चा इ. स. ४०० च्या सुमारास थांबली. तो ‘जेरुसलेमचा ताल्मूद’, पण जेरुसलेममध्ये न घडलेला. मांडणी तुटक, वाचकाला बरंच गृहीत धरणारी. इस्राएलच्या भूमीलाच लागू असलेल्या शेतीच्या नियमांवर मात्र त्यात सविस्तर चर्चा आहे. बाबिलोनीत त्या विभागातल्या फक्त पहिल्या, प्रार्थनेवरच्या ग्रंथावर गमारा आहे.

बाबिलोनियात इराणी राजवटीत अधूनमधून छळ झाला, तरी अभ्यासाला आणखी एक-दोन शतकं मिळाली. परंपरा संपादनाचं श्रेय राव आशी आणि राविना यांना देते. त्यांच्यानंतरच्या अनाम संपादकांनी मतांमध्ये प्रश्न, आक्षेप आणि उत्तरं ओवली, असं बरेच अभ्यासक मानतात. झग्याच्या शपथेवरचा खल एवढा लांबतो तो यामुळेच.

पुढे बगदाद खिलाफतीची राजधानी झाली. दूरदूरचे यहुदी आपल्या शंका बाबिलोनियातल्या विद्यापीठप्रमुखांना लिहून पाठवू लागले आणि ते उत्तरं आपल्या ताल्मुदावरून देत. त्यामुळे आजही नुसतं ‘ताल्मूद’ म्हटलं की बाबिलोनीच समजला जातो, आणि दोन्हींत मतभेद असला की सहसा त्याचाच निर्णय धरतात.