सेझमधल्या पाच वर्षांच्या करमाफीचं मोल नेमकं किती?

कारखाना सेझमध्ये, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रात, काढला तर पहिली पाच वर्षं निर्यातीच्या नफ्यावर प्राप्तिकर नसे; नव्या युनिटांसाठी ही सोय २०२० साली संपली. ही गोष्ट कळली की प्रकल्प अहवाल तयार करणाऱ्याचा पहिला हिशेब बहुधा असा असे: वर्षाला पंचवीस कोटी सुटणार, त्यावर तीस टक्के कर म्हणजे साडेसात कोटी, पाच वर्षांचे साडेसदतीस कोटी वाचले. बँकेपुढे ठेवायच्या कागदावर हा आकडा भारदस्त दिसतो, पण त्यात दोन मोठ्या चुका आहेत. त्या कुठे आहेत ते पाहिलं की करमाफी कोणाला खरोखर उपयोगी पडते आणि कोणाच्या हाती फारसं काही लागत नाही, हे स्पष्ट होतं.

आधी कायदा काय देत होता ते पाहू. सेझ कायदा २००५ साली संमत झाला आणि फेब्रुवारी २००६मध्ये लागू झाला. त्याच्या जोडीने १९६१च्या प्राप्तिकर कायद्यात कलम १०एए आलं. त्यानुसार सेझमधल्या युनिटला निर्यातीच्या नफ्यावर पहिली पाच वर्षं शंभर टक्के वजावट होती आणि पुढची पाच वर्षं पन्नास टक्के. त्यानंतरच्या पाच वर्षांतही नफ्याच्या निम्म्यापर्यंत वजावट मिळू शके, मात्र ती रक्कम वेगळ्या राखीव निधीत टाकून तीन वर्षांत नव्या यंत्रसामग्रीत गुंतवावी लागे. नव्या युनिटांसाठी हे दार २०२० साली बंद झालं. पण तोवर सुरू झालेल्या युनिटांची पंधरा वर्षं २०३५पर्यंत चालणार असल्यामुळे हा हिशेब अजून जुना झालेला नाही.

आता एक काल्पनिक प्रकल्प घेऊ. पहिल्या दिवशी शंभर कोटींची यंत्रं घेतली. माल सगळा निर्यात होतो. खर्च वजा जाता, पण घसारा आणि कर धरण्याआधी, वर्षाला पंचवीस कोटी रोख हातात येतात आणि हे दहा वर्षं चालतं. कर तीस टक्के धरू. अधिभार, उपकर आणि दहा वर्षांनंतर यंत्रांची भंगारात येणारी किंमत बाजूला ठेवू. मालकाला आपल्या पैशावर बारा टक्के परतावा हवा आहे.

या बारा टक्क्यांवरूनच निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे व्यवहारात सगळे ज्याला एनपीव्ही म्हणतात ते, काढतात. बारा टक्के मिळायला हवेत असं म्हणणाऱ्या माणसाच्या दृष्टीने पाच वर्षांनी येणाऱ्या एका कोटीची आजची किंमत सुमारे सत्तावन्न लाख असते आणि दहा वर्षांनी येणाऱ्या कोटीची बत्तीस लाख. दरवर्षीची रक्कम अशी आजच्या किमतीत आणायची, बेरीज करायची आणि त्यातून सुरुवातीची गुंतवणूक वजा करायची. जे उरतं ते एनपीव्ही. आपल्या प्रकल्पात कर मुळीच नसता तर ते ४१.३ कोटी आलं असतं.

पहिली चूक घसाऱ्याची. कर रोख पंचवीस कोटींवर लागत नाही, घसारा वजा करून उरलेल्या नफ्यावर लागतो. यंत्रांवरचा घसारा प्राप्तिकरात उरलेल्या किमतीच्या पंधरा टक्के धरतात, म्हणून तो सुरुवातीला जास्त आणि मग उतरत जातो: पहिल्या वर्षी पंधरा कोटी, दुसऱ्या वर्षी पावणेतेरा, पाचव्या वर्षी पावणेआठच्या आसपास. त्यामुळे सेझबाहेर असतानाही पहिल्या वर्षी करपात्र नफा फक्त दहा कोटी आणि कर तीन कोटीच. पाचव्या वर्षी कर सव्वापाच कोटींच्या आत. पहिल्या पाच वर्षांचा कर मिळून जेमतेम २०.८ कोटी होतो, साडेसदतीस नव्हे.

दुसरी चूक या रकमा आजच्या किमतीत न आणण्याची. त्या २०.८ कोटींची आजची किंमत १४.६ कोटी. पुढच्या पाच वर्षांत कर निम्मा होतो, त्याचे आजचे ६.१ कोटी. म्हणजे सेझबाहेर या प्रकल्पाचं एनपीव्ही १४.५ कोटी आणि सेझमध्ये ३५.२ कोटी. वीस कोटींहून जास्त फरक पडतो, हे कमी नाही. पण अहवालातल्या आकड्याशी त्याचं काही नातं नाही.

घसाऱ्याची बाजू आणखी खोलात पाहायला हवी, कारण इथेच बहुतेकांचा घोटाळा होतो. करच भरायचा नाही तर घसारा पुढच्या वर्षांसाठी राखून ठेवू, असं वाटणं स्वाभाविक आहे. कायदा तसं करू देत नाही. तुम्ही घसारा मागा अथवा न मागा, तो दिला असंच धरलं जातं आणि यंत्राची उरलेली किंमत त्याप्रमाणे खाली येते. आपल्या प्रकल्पात शंभर कोटींपैकी साडेपंचावन्न कोटींहून जास्त घसारा पहिल्या पाच वर्षांतच संपतो. एरवी त्याने सुमारे पावणेसतरा कोटींचा कर वाचवला असता, पण वाचवायला करच नसल्यामुळे ती ताकद वाया जाते. करमाफी संपून कर सुरू होतो तेव्हा घसारा थोडाच शिल्लक असतो. कर्जावरच्या व्याजाचंही तसंच. सुरुवातीला कर्ज जास्त आणि व्याजही जास्त, पण करमाफीच्या वर्षांत त्याने कराचा एक रुपयाही वाचत नाही.

याचा पुढचा परिणाम असा की सगळ्या प्रकल्पांना करमाफी सारखी लाभत नाही. आता दुसरा प्रकल्प घ्या. गुंतवणूक तीच, दहा वर्षांची एकूण रोख मिळकतही तीच अडीचशे कोटी. फक्त हा सावकाश चढतो: पहिल्या वर्षी पाच कोटी, मग दहा, वीस, पंचवीस, तीस आणि सहाव्या वर्षापासून बत्तीस. रसायनं किंवा वाहनांचे सुटे भाग बनवणारा कारखाना असाच चालतो. मशीन बसतं, चाचण्या होतात, परदेशी ग्राहक नमुने पास करतो आणि मग ऑर्डरी वाढतात. इथे पहिल्या दोन वर्षांत घसारा धरून तोटाच आहे. तिसऱ्या वर्षाचा नफा तो तोटा भरून काढण्यात जातो. म्हणजे सेझबाहेर असतानाही पहिली तीन वर्षं कर शून्यच. पाच वर्षांच्या पूर्ण करमाफीपैकी खरा उपयोग फक्त दोन वर्षांचा, आणि त्याची आजची किंमत ६.१ कोटी, पहिल्या प्रकल्पाच्या निम्म्याहूनही कमी. नंतरच्या निम्म्या करमाफीतून मात्र त्याला सव्वाआठ कोटी मिळतात. ‘पूर्ण माफी’पेक्षा ‘अर्धी माफी’ जास्त फायद्याची ठरते, कारण नफा तेव्हा येतो.

तोटा राखून ठेवून करमाफी संपल्यावर वापरता आला असता तर गोष्ट वेगळी होती. पण वजावट एकूण उत्पन्न मोजल्यानंतर द्यायची, हे २०१७च्या वित्त कायद्याने १०एएबाबत स्पष्ट केलं. त्यामुळे जुना तोटा आधी करमाफीच्याच वर्षांतल्या नफ्यात विरतो.

माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्यांनी सेझ का भरून गेले याचं उत्तर मला या दोन प्रकल्पांच्या तुलनेत दिसतं. सॉफ्टवेअर कंपनीला यंत्रं थोडी लागतात, घसारा नफ्याच्या मानाने किरकोळ असतो आणि ग्राहक आधीपासून असला तर पहिल्याच वर्षी नफा होतो. तिला पाचही वर्षं पुरेपूर मिळतात. त्यातच सॉफ्टवेअर पार्कातल्या युनिटांची जुनी सवलत मार्च २०११मध्ये संपली आणि नवं काम सेझमधल्या इमारतींत नेण्याची ओढ वाढली. हिंजवडीतल्या सेझ इमारतींमागे हे गणित आहे. जुनंच युनिट तोडून नवं दाखवता येऊ नये म्हणून कायद्यात अटी होत्या. जुनी यंत्रं एकूण यंत्रांच्या किमतीच्या वीस टक्क्यांहून जास्त चालत नसत. ज्या जड उद्योगांना उभं राहायला चार-पाच वर्षं लागतात, त्यांच्या वाट्याला मात्र घड्याळ चालू असलेली रिकामी वर्षं आली. कारखानदारी वाढावी म्हणून दिलेली सवलत कारखान्यांनाच कमी उपयोगी पडावी, हा त्या रचनेतला मोठा दोष होता असं माझं मत आहे.

घड्याळावरून एक बारीक पण महागडी गोष्ट. करमाफीचं पहिलं वर्ष म्हणजे ज्या आर्थिक वर्षात उत्पादन सुरू झालं ते, तारीख कोणतीही असो. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात पहिला माल निघाला तरी ३१ मार्चला एक अख्खं वर्ष खर्ची पडलं. आपल्या पहिल्या प्रकल्पात असं झालं आणि पुढे राखीव निधीची वाट धरली नाही, तर सुमारे अडीच कोटींचं मूल्य जातं. ऑर्डर थांबू शकत असेल तर उत्पादन एप्रिलमध्ये सुरू करणं परवडत असे.

आणि मग मॅट, म्हणजे किमान पर्यायी कर. सुरुवातीला सेझच्या उत्पन्नाला तो लागू नव्हता. २०११च्या अर्थसंकल्पाने तो लावला, दर साडेअठरा टक्के. हा कर प्राप्तिकराच्या हिशेबावर लागत नाही, कंपनीच्या वहीतल्या नफ्यावर लागतो. आपल्या पहिल्या प्रकल्पात वहीत घसारा दरसाल दहा कोटी धरला तर वहीतला नफा पंधरा कोटी आणि मॅट वर्षाला सुमारे पावणेतीन कोटी. पाच वर्षांत चौदा कोटींच्या जवळ. भरलेल्या मॅटची पुढे नेहमीच्या करातून वजावट मिळत असे खरी, पण सहाव्या वर्षापासून नेहमीचा करच निम्मा असल्याने तो मॅटच्या थोडाच वर राहतो. दहा वर्षांत त्या चौदा कोटींपैकी सव्वा कोटीही परत मिळत नाहीत. एनपीव्ही ३५.२ वरून २५.६ कोटींवर येतं आणि सेझमुळे झालेली वाढ वीस कोटींवरून अकरावर. पुढे मॅट पंधरा टक्क्यांवर आला तेव्हा हे ओझं काहीसं हलकं झालं.

ज्यांनी २००७-०८मध्ये पैसे घातले त्यांच्या अहवालात मॅटचा रकाना नव्हता. त्यांची जागा, यंत्रं, कर्ज सगळं घालून झालं होतं आणि सवलतीची वर्षं अर्धी सरलेली होती. म्हणून करमाफीवर उभा असलेला कोणताही अहवाल वाचताना मी आधी ती काढून टाकून एनपीव्ही पाहतो. आपला पहिला प्रकल्प करमाफीशिवायही साडेचौदा कोटी वर राहतो. दुसरा मात्र जेमतेम अडीच कोटींवर तरतो, आणि त्याच्या पहिल्या ऑर्डरीला एक वर्ष उशीर झाला तर सेझबाहेर तो तोट्यात जाईल.

२०१९मध्ये कंपन्यांना बावीस टक्के दराचा पर्याय मिळाला तेव्हा सेझमधल्यांपुढे नवा प्रश्न आला. तो दर घेतला तर मॅट लागत नसे, पण १०एएची वजावट सोडावी लागे आणि तेव्हाच्या नियमानुसार भरलेल्या मॅटची शिल्लकही बुडे. पहिल्या किंवा दुसऱ्या टप्प्यात असलेल्या युनिटाला घाई करण्याचं कारण सहसा नव्हतं. तिसऱ्या टप्प्यात पोचलेल्या आणि नवी यंत्रं घ्यायची नसलेल्या युनिटाला मात्र ही शिल्लक किती, ती वापरायला किती वर्षं लागतील आणि तोवर किती जादा कर भरावा लागेल, या तीन आकड्यांची आजच्या किमतीत तुलना केल्याशिवाय निर्णय घेता येत नसे.