उंचीने तिसरा कोण?

पोलीस भरती, तलाठी भरती किंवा शिष्यवृत्तीची तयारी करणाऱ्या कोणत्याही ग्रुपवर रात्री नऊनंतर डोकावलं, तर एक फोटो हमखास दिसतो. कुणाच्या तरी सराव पुस्तकाचं पान, पानावर ट्यूबलाइटचा पांढरा डाग, कडेला अंगठा, आणि खाली एक ओळ : ‘कुणीतरी सोडवून द्या ना.’ प्रश्न बहुतेक वेळा बुद्धिमत्ता चाचणीतल्या ‘क्रम व स्थान’ या प्रकरणातला असतो. पाच-सहा माणसं, त्यांच्या उंचीबद्दल किंवा गुणांबद्दल इकडेतिकडे विखुरलेली चार-पाच वाक्यं, आणि शेवटी विचारणा : मधला कोण, सर्वांत ठेंगणा कोण, तिसरा कोण?

असा एक प्रश्न इथे मुद्दाम रचून घेऊ आणि शेवटपर्यंत सोडवू.

‘सहा मुलांची उंची वेगवेगळी आहे. सीमा रमेशपेक्षा उंच, पण मीनापेक्षा ठेंगणी आहे. जावेद फक्त दोघांपेक्षा उंच आहे. अनिल रमेशपेक्षा उंच, पण कवितापेक्षा ठेंगणा आहे. कविता सीमापेक्षा उंच नाही. तर सर्वांत उंच मुलापासून मोजल्यास तिसरा क्रमांक कोणाचा?’

काहीच माहिती नसेल तर सहा जणांना उंचीनुसार लावण्याचे ७२० प्रकार आहेत. प्रत्येक वाक्य त्यातले काही प्रकार बाद करतं. पहिल्या वाक्यात मीना, सीमा, रमेश या तिघांचा आपसातला क्रम ठरतो. तिघांचे सहा क्रम होऊ शकतात आणि त्यातला एकच उरतो, म्हणून ७२० चे १२० होतात. जावेदचं वाक्य त्याची जागाच पक्की करतं. त्याच्या खाली दोघे, म्हणजे वर तिघे, म्हणजे तो वरून चौथा. आता २० प्रकार उरले. अनिलच्या वाक्यातून कविता, अनिल, रमेश अशी दुसरी साखळी मिळते आणि ही साखळीही रमेशवरच येऊन टेकते. मीना, सीमा, कविता, अनिल हे चौघे रमेशच्या वर आहेत आणि चौथ्या जागेवरच्या जावेदच्या खाली कुणीतरी दोघे हवेत, तेव्हा रमेश शेवटचाच. उरले सहा प्रकार. ‘कविता सीमापेक्षा उंच नाही’ या शेवटच्या वाक्याने दोन्ही साखळ्या जोडल्या जातात : मीना, सीमा, कविता, मग चौथा जावेद, मग अनिल, मग रमेश. प्रकार एकच उरला आणि तिसरी कविता.

हे कागदावर करताना नावं आडवी न लिहिता उभी लिहावीत, उंच वर आणि ठेंगणा खाली. आडव्या ओळीत डावीकडचा उंच की उजवीकडचा, हे दोन मिनिटांनी आपलं आपल्यालाच आठवत नाही. उभ्या मांडणीचाही एक धोका आहे, आणि या प्रकरणातल्या सर्वाधिक चुका बहुधा तिथेच होतात. मीना, सीमा, रमेश ही एक रेघ आणि शेजारी कविता, अनिल, रमेश ही दुसरी रेघ काढली की सीमा आणि अनिल कागदावर एकाच उंचीला येतात. मीना आणि कविताही तशाच. डोळा लगेच समजून घेतो की मीना कोणत्याही परिस्थितीत अनिलच्या वर आहे. प्रश्नात तसं कुठेच म्हटलेलं नाही. शेवटचं वाक्य वाचेपर्यंत कविता, अनिल, मीना, सीमा हा क्रमही तितकाच शक्य होता. रेघेने जोडलेल्या नावांचीच तुलना खरी. शेजारी दिसणाऱ्या नावांची तुलना आपण मनाने घुसडलेली असते.

दुसरी नेहमीची चूक ‘फक्त दोघांपेक्षा’ या शब्दांत आहे. ‘जावेद फक्त दोघांपेक्षा उंच’ म्हणजे तो खालून तिसरा. ‘फक्त दोघे जावेदपेक्षा उंच’ म्हणजे तो वरून तिसरा. सहा जणांत या दोन वेगळ्या जागा आहेत. गुणांच्या प्रश्नात हा घोळ आणखी वाढतो, कारण गुण जितके जास्त तितका क्रमांकाचा आकडा लहान. ‘तिचा क्रमांक त्याच्यापेक्षा वरचा’ हे वाक्य मिळालं की काही मुलं मोठा आकडा घेऊन मोकळी होतात. अशा प्रश्नात सगळी वाक्यं आधी गुणांच्या भाषेत फिरवून घ्यावीत आणि क्रमांक अगदी शेवटी मोजावेत.

आता फोटोकडे वळू. समजा, आपल्या प्रश्नाच्या फोटोत पानाची उजवी कड कापली गेली आहे आणि शेवटचं वाक्य ‘कविता सीमापेक्षा उंच’ इथेच संपतं. मराठीत क्रियापद आणि नकार वाक्याच्या शेवटी येतात. त्यामुळे छापील ओळीच्या उजव्या टोकाला, म्हणजे जिथे पान वळतं किंवा अंगठा येतो नेमक्या त्याच जागी, ‘आहे’ किंवा ‘नाही’ सापडण्याची शक्यता बरीच असते. वाचणारा सवयीने मनातल्या मनात ‘आहे’ जोडतो आणि पुढे जातो. कविता सीमापेक्षा उंच आहे असं धरलं, तर सहा प्रकारांपैकी पाच उरतात. तिसऱ्या जागी कुठे सीमा येते, कुठे अनिल, एका प्रकारात तर मीनासुद्धा. मुलगा पंधरा मिनिटं कागद काळा करतो आणि शेवटी पुस्तकच चुकीचं म्हणून सोडून देतो.

पण हा गोंधळच उपयोगी खूण आहे. ती कशी ओळखायची, याची सोपी रीत आर्थर कान यांच्या १९६२ सालच्या एका शोधनिबंधातून घेता येते. कान यांच्यापुढे उंचीची कोडी नव्हती. कोणतं काम आधी आणि कोणतं नंतर अशा अटींनी बांधलेल्या मोठ्या जाळ्यांचा क्रम संगणकाकडून लावून घेण्याची अडचण होती. रीत अशी : ज्याच्या वर कुणीच सांगितलेलं नाही असं नाव शोधा, ते पहिल्या जागी लिहा आणि यादीतून खोडा. उरलेल्यांत पुन्हा तेच करा. आपल्या प्रश्नात फक्त जावेदची चौथी जागा आधीच राखून ठेवायची.

पूर्ण प्रश्नावर हे करून पाहा. सीमाच्या वर मीना, कविताच्या वर सीमा, अनिलच्या वर कविता. वर कुणीच नाही अशी एकटी मीना. ती खोडली की एकटी सीमा मोकळी होते, मग कविता, मग अनिल, शेवटी रमेश. दर पायरीला एकच उमेदवार, म्हणून रांग एकच. कापलेल्या वाक्याला ‘आहे’ जोडून बघितलं तर पहिल्याच पायरीला मीना आणि कविता दोघीही मोकळ्या दिसतात. दोघींतली निवड करायला फोटोत काहीच नाही. इथे थांबायचं. पुढचं सगळं अंदाजपंचे होणार, आणि विचारलेली जागा त्या निवडीवर अवलंबून असेल तर प्रश्न अपुरा आहे किंवा आपण तो अपुरा वाचला आहे.

‘विचारलेली जागा त्यावर अवलंबून असेल तर’ ही अट महत्त्वाची आहे. याच कापलेल्या फोटोत ‘सर्वांत ठेंगणा कोण?’ असं विचारलं असतं, तर पाचही प्रकारांत रमेशच शेवटी आहे. अख्खी रांग लागली नाही तरी उत्तर पक्कं. परीक्षेत वेळ वाचतो तो इथेच : आधी विचारणा वाचावी आणि तेवढ्याच जागेपुरती माहिती पुरते का, ते पाहावं. दुसरीकडे, ‘उत्तर एकच यायला हवं, म्हणजे तिथे नाहीच असणार’ असा उलटा तर्क आपल्या फोटोत बरोबर ठरतो, पण पर्यायांमध्ये ‘माहिती अपुरी आहे’ असा पर्याय असेल तर त्या तर्काचा आधारच जातो. त्यामुळे पर्याय न दाखवणाऱ्या फोटोवर उत्तर देण्याची घाई करू नये. तसंच प्रश्नाचं पहिलं वाक्यही फोटोत हवं. ‘उंची वेगवेगळी आहे’ हे शब्द नसतील तर ‘उंच नाही’चा अर्थ ‘सारखीच उंच’ असाही निघतो. बरेचदा हे वाक्य ‘प्र. २१ ते २३ साठी सूचना’ म्हणून आधीच्या रकान्यात छापलेलं असतं आणि पाठवणारा फक्त बाविसाव्या प्रश्नाचा फोटो काढतो.

आकड्यांच्या बाबतीत मराठी छपाई आपल्याला थोडी मदत करते. अंधुक फोटोत १ आणि ९ एकसारखे दिसतात, ३ आणि ४ यांचीही गल्लत होते. अशा वेळी आकड्याच्या मागचं अक्षर पाहावं. १ ला, २ रा, ३ रा, ४ था, आणि पाचापासून पुढे ‘वा’. ‘डावीकडून ? वा’ असं दिसलं तर तिथे १ असूच शकत नाही, ९ धरायला हरकत नाही. ११ वा आणि १९ वा यांत मात्र ही युक्ती चालत नाही, कारण दोन्हीकडे ‘वा’च आहे. तिथे दुसरा, स्वच्छ फोटो मागवण्याला पर्याय नाही.

रांगेच्या प्रश्नांतलं एक सूत्र मुलांना तोंडपाठ असतं : डावीकडून क्रमांक अधिक उजवीकडून क्रमांक वजा एक, म्हणजे एकूण माणसं. एक वजा करायचा, कारण तो माणूस स्वतः दोन्हीकडून मोजला गेलेला असतो. एकाच माणसाचे दोन्ही क्रमांक दिलेले असताना हे सूत्र चोख चालतं. दोन वेगळी माणसं आली की पंचाईत होते. समजा, अमित डावीकडून १२ वा, सुनील उजवीकडून १५ वा आणि दोघांच्या मधे ४ जण. बहुतेक जण १२, १५ आणि ४ यांची बेरीज करून ३१ म्हणतात. त्यात सुनील अमितच्या उजवीकडे आहे असं गृहीत धरलेलं असतं. सुनील डावीकडे असेल तर तो डावीकडून सातवा होतो आणि त्याच्या उजवीकडे १४ जण, म्हणजे एकूण २१. दोन्ही रांगा प्रत्यक्ष काढून मोजल्या तर दिलेल्या माहितीत दोन्ही चपखल बसतात. म्हणून जागरूक प्रश्नकर्ता ‘रांगेत किमान किती जण?’ असं विचारतो, आणि मग उत्तर २१ येतं. हा ‘किमान’ शब्द फोटोत पुसट झाला तर ३१ वर खूण करणारा मुलगा उत्तरसूचीशी भांडत बसतो. आणि तो शब्द मूळ पुस्तकातच नसेल, तर भांडणात चूक उत्तरसूचीची असते.