डावा समास कशासाठी?

प्राध्यापक मिनिटाला सहज शंभरेक शब्द बोलतात. आपला हात कितीही भराभर चालला तरी पंचवीस-तीस शब्दांपुढे जात नाही. म्हणजे चारातले तीन शब्द गाळावेच लागतात. कोणते गाळायचे, हे नोट्स काढण्याच्या पद्धतीवर ठरतं.

पुढचा उतारा मित्राला वाचायला सांगा आणि ऐकता ऐकता नोट्स काढा.

"नैर्ऋत्य मोसमी वारे अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन येतात. सह्याद्री आडवा आला की ते वर चढतात. वर हवेचा दाब कमी असतो, म्हणून हवा प्रसरण पावते आणि थंड होते. बाष्पाचे ढग बनून पाऊस पडतो. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस होतो. घाट उतरताना हवा तापते आणि पाऊस ओसरतो, म्हणून पूर्वेकडच्या वाईला तो १,००० मिलिमीटरच्याही आत राहतो."

आता वही बघा. मुद्दा आणि त्याखाली आत सरकवलेले उपमुद्दे, अशी मांडणी केली असेल तर ओळी येतील: वारे अडतात, वर चढतात, दाब कमी, हवा थंड, पाऊस. ही पद्धत झटपट होते. पण 'दाब कमी' आणि 'हवा थंड' नुसते एकाखाली एक लिहिले, तर एकामुळे दुसरं होतं हे हरवतं. मध्ये बाण काढला की ते टिकतं.

तक्त्यात महाबळेश्वर आणि वाई असे दोन रकाने पाडले की फरक लगेच दिसतो. मात्र रकाने कोणते, हे आधी कळायला हवं. प्राध्यापक विषय सोडून भटकले की तक्ता रिकामा राहतो.

तिसरी पद्धत कॉर्नेलची. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचे वॉल्टर पॉक यांनी ती रूढ केली. डावीकडे अडीच इंचांचा समास सोडायचा, खाली दोन इंच जागा ठेवायची आणि उजवीकडे तासाला नोट्स घ्यायच्या. त्याच दिवशी समासात प्रश्न लिहायचे: 'वर चढलेली हवा थंड का होते?' 'वाईला पाऊस कमी का?' तळाशी दोन ओळींत सार. मग उजवी बाजू झाकून उत्तरं स्वतःशी बोलायची. अनेकांचा समास कोराच राहतो. मग ती पद्धत नव्हे, नुसती आखलेली वही उरते.

निवडताना प्राध्यापकांची बोलण्याची ढब बघा. ते मुद्दे फळ्यावर लिहून शिकवत असतील तर उपमुद्दे, तुलना करत असतील तर तक्ता. कार्यकारणभाव उलगडत असतील किंवा सारखे विषयांतर करत असतील, तर कॉर्नेल. गणिताच्या तासाला मात्र पायऱ्या जशाच्या तशा उतरवा आणि 'ही पायरी का?' हे समासात विचारा.

पद्धत जमली का, हे दुसऱ्या दिवशी कळतं. वही मिटा आणि वाईला पाऊस कमी का, हे मित्राला सांगा. आकडा आठवला पण कारण अडलं, तर गाळायचे शब्द चुकले.