पैसे नॉमिनीच्या हाती, हक्क वारसांचा

‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर यांचे 2013 मध्ये निधन झाले. मागे 27 जून 2011 रोजी केलेले मृत्युपत्र होते आणि कोट्यवधींच्या मुदत ठेवी व म्युच्युअल फंड होते. त्यांतल्या काही ठेवींवर नॉमिनी म्हणून कुटुंबातल्या काही जणांची नावे होती, फंडांवर आणखी काही जणांची. नॉमिनी झालेल्या काहींचे म्हणणे असे की, कागदावर नाव आमचे असल्यामुळे या गुंतवणुकी आमच्याच मालकीच्या झाल्या, मृत्युपत्राचा त्यांच्याशी संबंध नाही. हा वाद मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. 14 डिसेंबर 2023 रोजी तिथून निकाल आला: नॉमिनी झाल्याने कुणी मालक होत नाही. मिळकत कुणाची हे मृत्युपत्र ठरवते आणि मृत्युपत्र नसेल तर वारसा कायदा.

तरीही बँकेत गेल्यावर अनुभव अगदी उलटा येतो. बायको, मुले, आई असे सगळे सख्खे वारस समोर उभे असले, तरी बँक पैसे देते ते फॉर्मवर ज्याचे नाव आहे त्यालाच. दुःखात असलेल्या माणसांना हा अन्याय वाटतो. पण बँक इथे कायद्याप्रमाणेच वागत असते. गोंधळ होतो तो दोन वेगळे प्रश्न एकच समजल्यामुळे. पहिला प्रश्न, बँकेने किंवा विमा कंपनीने पैसे कुणाच्या हाती द्यायचे? दुसरा, ते पैसे शेवटी कुणाचे? पहिल्याचे उत्तर नामांकनाचा कागद देतो, दुसऱ्याचे देत नाही.

एक उदाहरण घेऊ. सांगलीच्या एका कारखान्यात नोकरी करणारा तरुण. लग्नाआधी त्याने बँकेत 9 लाखांची मुदत ठेव केली आणि नॉमिनी म्हणून धाकट्या भावाचे नाव लिहिले. त्याच सुमारास 30 लाखांची विमा पॉलिसी काढली, तिच्यावर आईचे नाव. पुढे लग्न झाले, मुलगी झाली, पण फॉर्म बदलायचे राहून गेले. एके दिवशी अचानक तो गेला. मृत्युपत्र केलेले नव्हते.

ठेवीचे आधी पाहू. भाऊ शाखेत मृत्यूचा दाखला, स्वतःचे ओळखपत्र आणि दाव्याचा अर्ज देतो. नॉमिनी असल्यावर बँकेने त्याच्याकडे कोर्टाचे वारसा प्रमाणपत्र किंवा हमीपत्र मागायचे नाही, रक्कम कितीही असो. कागदपत्रे पूर्ण मिळाल्यापासून 15 दिवसांत दावा निकाली काढावा, असे रिझर्व्ह बँकेचे 2025 चे निर्देश सांगतात. म्हणजे 9 लाख भावाच्या खात्यात जमा होतात आणि बँकेची जबाबदारी तिथे संपते.

त्या पैशांची मालकी मात्र भावाकडे जात नाही. हिंदू वारसा कायद्यानुसार मृत पुरुषाच्या पहिल्या वर्गाच्या वारसांत त्याची मुले, पत्नी आणि आई येतात. वडील आणि भाऊ त्या यादीत नाहीत. म्हणून 9 लाखांवर हक्क तिघींचा: आई, पत्नी आणि मुलगी, प्रत्येकी 3 लाख. भाऊ फक्त पैसे स्वीकारणारा विश्वस्त. त्याने ते वाटून दिले तर प्रश्न मिटला. न दिले तर तिघींना त्याच्यावर दिवाणी दावा लावावा लागतो. बँकेवर दावा लावून उपयोग होत नाही, कारण बँकेने योग्य माणसालाच पैसे दिलेले असतात.

इथेच बहुतेक कुटुंबे एक चूक करतात. पत्नी घाईघाईने शाखा व्यवस्थापकाला अर्ज देते: ‘मी कायदेशीर वारस आहे, दिरांना पैसे देऊ नका.’ अर्जावर पोच मिळते, त्यामुळे काम झाले असे वाटते. पण बँकिंग नियमन कायद्याचे कलम 45 झेडबी सांगते की, ठेवीदाराशिवाय इतर कुणाच्या अशा दाव्याची सूचना बँकेवर बंधनकारक नाही. बँकेला थांबवायचे असेल, तर सक्षम न्यायालयाचा हुकूमनामा, आदेश किंवा प्रमाणपत्रच दाखवावे लागते. त्यामुळे वाद होणार असे दिसले, तर वकिलाची नोटीस पाठवून वाट पाहण्यात अर्थ नाही. दिवाणी न्यायालयात दावा दाखल करून तात्पुरता मनाई हुकूम मागायचा आणि त्याची प्रत शाखेत द्यायची. हे पैसे नॉमिनीच्या खात्यात जाण्याआधी व्हायला हवे. पंधरा दिवसांच्या मुदतीमुळे आता घाई अधिक करावी लागते.

आता पॉलिसीकडे वळू. इथे कायद्याने 2015 मध्ये वळण घेतले, आणि ते समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

विम्याच्या नॉमिनीविषयीचा सर्वांत प्रसिद्ध निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1983 मध्ये दिला. एका माणसाने प्रत्येकी 10 हजारांच्या दोन पॉलिसी घेतल्या होत्या आणि पत्नीला नॉमिनी केले होते. 1967 मध्ये तो मृत्युपत्र न करता वारला. त्याच्या आईने आणि मुलाने दोन तृतीयांश रकमेवर हक्क सांगितला. पत्नीचे म्हणणे, नॉमिनी मी, पैसे माझे. न्यायालयाने तिघांना वारस मानले. नॉमिनीला केवळ पैसे घेण्याचा अधिकार असतो, असे या निकालाने पक्के केले. ‘सरबती देवी’ नावाने ओळखला जाणारा हा निकाल आजही प्रत्येक नॉमिनीच्या खटल्यात वाचून दाखवला जातो.

2015 च्या दुरुस्तीने विमा कायद्याच्या कलम 39 मध्ये नवे उपकलम आले. विमाधारकाने आईवडील, पती किंवा पत्नी, अथवा मुले यांपैकी कुणाला नॉमिनी केले असेल, तर त्या नॉमिनीला रकमेचा लाभही मिळेल, असे त्यात म्हटले आहे. भाऊ, बहीण, पुतण्या, मित्र हे या यादीत नाहीत. त्यांच्या बाबतीत जुनाच नियम लागू: पैसे घ्या आणि वारसांना द्या.

मग सांगलीच्या उदाहरणात 30 लाख एकट्या आईचे झाले का? नव्या उपकलमाचे शब्द पाहिले तर तसे वाटते. पण अशाच एका प्रकरणात कर्नाटक उच्च न्यायालयाने 2025 मध्ये वेगळा अर्थ लावला. तिथेही मुलाने लग्नाआधी आईला नॉमिनी केले होते, नंतर लग्न झाले, मूल झाले आणि नाव बदलायचे राहिले. न्यायालय म्हणाले, विमा कायद्याचा उद्देश वारसा कायदा बाजूला सारण्याचा नाही. वारसांनी हक्क सांगितला नाही तर नॉमिनीला पूर्ण रक्कम ठेवता येईल, हक्क सांगितला तर वारसा कायद्याप्रमाणे वाटणी होईल. आई, पत्नी आणि मूल यांना प्रत्येकी एक तृतीयांश देण्यात आले. या मुद्द्यावर सगळ्या उच्च न्यायालयांत एकमत नाही. त्यामुळे आजघडीला आई किंवा पत्नी नॉमिनी असलेल्या पॉलिसीवर वाद झाला, तर निकाल कोणत्या बाजूने लागेल हे ठामपणे सांगता येत नाही. कंपनी मात्र नॉमिनीला पैसे देऊन मोकळी होऊ शकते.

वाद सुटायचा तर कोणता कागद लागतो? बऱ्याच जणांना वाटते, तलाठ्याकडून किंवा तहसीलदाराकडून वारसांचा दाखला आणला की झाले. छोट्या रकमांच्या बिनवादाच्या दाव्यात तो उपयोगी पडतो. खात्यावर नॉमिनी नसेल आणि वारसांत भांडण नसेल, तर व्यापारी बँकांत 15 लाखांपर्यंत आणि सहकारी बँकांत 5 लाखांपर्यंतचे दावे हमीपत्र आणि इतर वारसांच्या ना-हरकत पत्रावर साध्या पद्धतीने निकाली काढता येतात. पण दोन वारस एकमेकांविरुद्ध उभे राहिले, तर महसुली दाखल्याने हक्क ठरत नाही.

तेव्हा लागते भारतीय वारसा अधिनियम, 1925 खालील वारसा प्रमाणपत्र, ज्याला बँकेत सगळे सक्सेशन सर्टिफिकेट म्हणतात. मृत व्यक्ती जिथे राहत होती तिथल्या दिवाणी न्यायालयात त्यासाठी अर्ज करावा लागतो. न्यायालय नातेवाइकांना नोटीस काढते, हरकती मागवते आणि मगच प्रमाणपत्र देते. अर्जासोबतच्या यादीत प्रत्येक ठेव आणि खाते त्याच्या क्रमांकासह अचूक लिहायला हवे. एखादी पावती यादीत राहून गेली, तर त्या रकमेला प्रमाणपत्र लागू होत नाही आणि वाढीव यादीसाठी पुन्हा कोर्टाची पायरी चढावी लागते. मृत्युपत्र असेल आणि त्याच्या खरेपणावर शंका घेतली गेली, तर प्रोबेट घेण्याचा मार्ग असतो.

या प्रमाणपत्रालाही मर्यादा आहे. ते दाखवून पैसे मिळतात आणि देणाऱ्या बँकेला संरक्षण मिळते. मालकीचा वाद मात्र त्याने कायमचा मिटत नाही. त्याच कायद्याचे कलम 387 सांगते की, प्रमाणपत्र देताना दिलेला निर्णय नंतरच्या दाव्याच्या आड येत नाही. शेवटचा शब्द दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचा असतो.

या साऱ्या प्रवासाची गरज पडू नये यासाठी करायच्या गोष्टी मोजक्याच आहेत. भविष्यनिर्वाह निधीत लग्नानंतर आधीचे नामांकन आपोआप रद्द होते. बँक ठेव किंवा विमा पॉलिसीत तसे होत नाही, फॉर्म स्वतः भरावा लागतो. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँक ठेवीवर चार जणांपर्यंत नॉमिनी नेमता येतात, प्रत्येकाचा वाटा टक्केवारीत लिहिता येतो. विम्याची रक्कम फक्त पत्नी आणि मुलांनाच मिळावी असे वाटत असेल, तर पॉलिसी घेतानाच विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा अधिनियम, 1874 खाली ती नोंदवता येते. मग त्या रकमेवर इतर वारस किंवा सावकार हक्क सांगू शकत नाहीत. जुन्या पॉलिसीला नंतर ही सोय जोडता येत नाही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मृत्युपत्र करा. कोणती ठेव, कोणती पॉलिसी कुणाला, ते त्यात नावानिशी लिहा आणि दोन साक्षीदारांसमोर सही करा. नॉमिनी आणि मृत्युपत्रातला लाभार्थी एकच असेल, तर तुमच्या माघारी घरच्यांना कोर्टात जाण्याचे कारणच उरणार नाही.