शेणाचं घर, मेणाचं घर आणि कागदी पिशवी

काऊ-चिऊची गोष्ट मराठी घरातल्या जवळजवळ प्रत्येक मुलाला शाळेत जाण्याआधीच ठाऊक असते. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं. मोठा पाऊस येतो, शेणाचं घर वाहून जातं आणि भिजलेला कावळा चिमणीचं दार ठोठावतो. चिमणी आतून सांगत राहते की थांब, बाळाला न्हाऊ घालते आहे, मग काजळ घालते आहे, मग निजवते आहे. पात्रं दोनच, प्रसंग एक आणि संवाद पुन्हा पुन्हा तोच येणारा. त्यामुळे पाच ते सात वर्षांच्या मुलांना कागदी पिशवीचे मुखवटे घालून करायला ही गोष्ट फार सोयीची पडते. पाठांतर लागत नाही. कुठे काय म्हणायचं हे मुलांना आधीच माहीत असतं.

मुखवट्यासाठी किराणा दुकानात मिळणारी खाकी कागदाची, घडीच्या बाजू असलेली पिशवी चालते. या वयाच्या मुलाच्या डोक्याचा घेर साधारण ५० ते ५२ सेंटिमीटर असतो, म्हणून पिशवीचं तोंड उघडून मोजल्यावर घेर ६० सेंटिमीटरच्या पुढे भरायला हवा. त्याहून अरुंद पिशवी कानांवर घासते आणि पहिल्याच उडीत शिवणीवर फाटते. पिशवी उलटी धरायची, म्हणजे तिचा तळ डोक्यावर येतो. दोन्ही बाजूंना खालून अर्धगोल काप दिले की ती खांद्यांवर नीट बसते. नाहीतर मान वळवली की पिशवी जागेवरच राहते आणि डोळ्यांची भोकं कानापाशी जातात.

डोळ्यांची जागा ठरवताना पिशवी मुलाच्या डोक्यावर असावी, पण हातात फक्त मेणखडू असावा. बाहेरून हलक्या बोटाने डोळे चाचपून खूण करायची, पिशवी काढायची आणि मगच कात्री चालवायची. भोकं दिसायला बेढब वाटतील इतकी मोठी, चारेक सेंटिमीटरची, ठेवावी लागतात, कारण पिशवीच्या आतून बाजूचं काहीच दिसत नाही आणि मुलं एकमेकांवर आपटतात. नाकाखालचा पुढचा भाग तर सरळ कापूनच टाकावा. तोंड झाकलेल्या मुलाचा आवाज कागदात अडतो, मागे बसलेल्यांना ऐकू येत नाही आणि ती गडबड करू लागतात. नाटक फसलं असं वाटतं तेव्हा बऱ्याचदा फसलेला असतो तो मुखवट्याचा खालचा भाग. प्लॅस्टिकची पिशवी अर्थातच वापरायची नाही. ज्या मुलाला चेहरा झाकायची भीती वाटते त्याने मुखवटा कपाळावर टोपीसारखा घातला तरी चालतो.

चिमणी करणं सोपं आहे. गोष्टीतली चिऊ आई आहे आणि चिमणीची मादी फिकट तपकिरीच असते. गळ्याखालचा काळा डाग आणि डोक्यावरची राखाडी टोपी नराची. म्हणजे खाकी कागदाचा रंग तसाच ठेवून पंखांच्या काही रेघा ओढल्या आणि जाड कागदाची आखूड, शंकूसारखी चोच डोळ्यांच्या मध्ये खाली चिकटवली की चिमणी तयार. कावळ्याची चोच लांब आणि दणकट हवी. त्याला पोस्टर रंगाने काळा करण्याचा मोह टाळावा, कारण ओला रंग पातळ कागदात मुरतो, पिशवी लिबलिबीत होते आणि तळाची चिकटवलेली घडी सुटते. काळ्या कागदाच्या पट्ट्या किंवा कोळसा बरा. घराभोवती दिसणाऱ्या कावळ्याची मान राखाडी असते, तेवढी खाकीवर खडूने करावी. चोची आणि पट्ट्या आदल्या दिवशी खळीने चिकटवून रात्रभर वाळू द्याव्यात.

मुखवट्यात सर्वांत जपून काढायच्या असतात त्या भुवया. आत उतरणाऱ्या तिरप्या भुवया काढल्या की कावळा पहिल्या क्षणापासून दुष्ट ठरतो आणि गोष्टीला काही सांगायचं उरत नाही. चिमणीला हसरं तोंड काढलं तरी तेच होतं. मुखवट्याचा भाव बदलत नाही, म्हणून तो जितका कोरा तितकं काम अंगाला करावं लागतं. कावळ्याने पंख आखडून कुडकुडायचं, मान तिरकी करून दाराकडे पाहायचं. चिमणीने दाराकडे पाठ करून बाळाला चोळत राहायचं. कोण कावळा होणार हे चिठ्ठी टाकूनच ठरवावं. वर्गातल्या दंगेखोर किंवा सावळ्या मुलाच्या डोक्यावर ती पिशवी आपोआप जाते, आणि ते मुलांच्या नजरेतून सुटत नाही.

वीस मुलांचा वर्ग असेल तर कावळा आणि चिमणी सोडून तीन पिल्लं, हात धरून समोरासमोर उभी राहिलेली दोन मुलं म्हणजे दार, आणि उरलेली सगळी पाऊस. पाऊस म्हणजे आधी एका बोटाने तळहातावर टिचक्या, मग दोन बोटांनी, शेवटी मांड्यांवर थापा. शिक्षिका निवेदन करत राहतात, मुलं फक्त संवाद बोलतात. पाऊस वाढतो, शेणाच्या घराची मुलं खाली बसतात आणि कावळा दारापाशी येतो. चिमणीच्या पहिल्या उत्तराला सगळे हसतात. दुसऱ्याला हसू कमी होतं. तिसऱ्यांदा पाऊस अजून जोरातच असतो आणि दार झालेल्या मुलांचे हात अवघडू लागतात. ऐकताना गमतीचं वाटणारं ते थांबवणं उभं राहून केलं की लांबतं, आणि गोष्टीचं तात्पर्य तिथे डळमळू लागतं.

या गोष्टीचं ठरलेलं तात्पर्य असं की घर पक्कं बांधावं, आळस करू नये. पण शेण हे काही आळसाचं लक्षण नव्हे, गावाकडच्या जमिनी आणि भिंती शेणानेच सारवल्या गेल्या आहेत. दुसरं तात्पर्य अडचणीत मदत करावी असं निघतं, पण मग बाळाचं निमित्त सांगत राहिलेली चिमणी कुठे बसते? म्हणून तात्पर्य आधी सांगू नये. खेळ संपल्यावर मुखवटे काढायला लावावेत आणि नेमकं विचारावं: कावळ्याने किती वेळा हाक मारली? बाहेर काय चाललं आहे ते चिमणीला ऐकू येत होतं का? मग पिशव्यांची अदलाबदल करून तीच गोष्ट पुन्हा करावी. मघाशी बाहेर भिजलेलं मूल आता आत असतं. काही मुलं दार लवकर उघडतात, काही मुद्दाम अधिक ताणतात. दोन्ही चालू द्यावं. गिजुभाई बधेकांच्या ‘दिवास्वप्न’मधला शिक्षकही वर्गात आधी गोष्टच आणतो आणि पुढे मुलं गोष्टींची नाटकं करू लागतात.

शेवट घरोघरी वेगळा आहे. कुठे दार उघडतं आणि गोष्ट थांबते. कुठे कावळ्याला ऊब म्हणून तव्यावर बसायला सांगतात आणि त्याला चटका बसतो. चटक्याचा शेवट लहान मुलांना हसवतो, पण मुखवटा घालून तो सोसणारं मूल हिरमुसू शकतं, तेव्हा तो करायचा की नाही हे कावळ्यालाच विचारावं. खेळानंतर चोची सपाट दाबून पिशव्या मूळ घडीवर मिटून ठेवल्या तर तोच कावळा पुढे तहानलेल्या कावळ्याच्या गोष्टीतही कामाला येतो. तिथे फक्त एक घागर आणि खड्यांऐवजी कागदाचे बोळे लागतात.