स्क्रीनशॉट जोडलात, आता अर्जात काय लिहाल?

खासगी ट्रस्टच्या शिष्यवृत्तीसाठी आता बरेच विद्यार्थी मोबाइलवरूनच अर्ज पाठवतात. गुणपत्रिकेचा एक स्क्रीनशॉट, तहसीलदारांच्या उत्पन्नाच्या दाखल्याचा एक, आणि सोबत ‘कागदपत्रे जोडली आहेत, कृपया विचार व्हावा’ एवढंच. समितीसमोर अर्जांचा ढीग असतो. चित्र मोठं करून त्यातला आकडा शोधायचं काम अर्जदाराने तिच्यावर टाकलं, तर पात्र मुलगीही मागे पडू शकते. म्हणून अट काय, आपल्या कागदावरचा आकडा काय आणि तो कुठे दिसतो, हे अर्जानेच सांगायला हवं.

एक उदाहरण घेऊ. अट अशी आहे: बारावीला किमान ७५ टक्के आणि कुटुंबाचं २०२४-२५ या आर्थिक वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत. मुलीला ६०० पैकी ४७१ गुण आहेत, म्हणजे ७८.५० टक्के. दाखल्यावर उत्पन्न १,८६,००० रुपये आहे. ती दोन्ही अटींत बसते. तरीही तिचा अर्ज तीन ठिकाणी अडू शकतो.

पहिली अडचण गुणपत्रिकेची. निकालाच्या दिवशी संकेतस्थळावर दिसणारं पान म्हणजे गुणपत्रिका नव्हे. ते तात्पुरत्या माहितीसाठी असतं. स्क्रीनशॉट घ्यायचा तो डिजीलॉकरमधल्या किंवा कॉलेजातून मिळालेल्या गुणपत्रिकेचा. त्यात आसन क्रमांक, परीक्षेचा महिना-वर्ष आणि एकूण गुण एकाच चौकटीत दिसले पाहिजेत. फक्त गुणांचा तक्ता कापून पाठवला, तर ते गुण कोणाचे हेच कळत नाही.

दुसरी अडचण दाखल्याची. ‘आपले सरकार’वरून मिळालेल्या दाखल्यावर डिजिटल सही असते. ती पीडीएफ फाइलमध्ये असते, चित्रात उतरत नाही. त्यातच मोबाइलवर पीडीएफ उघडली की सहीच्या जागी अनेकदा प्रश्नचिन्ह दिसतं आणि ‘सही पडताळलेली नाही’ अशा अर्थाचा मजकूर येतो. त्या मोबाइलमधल्या ॲपने सही तपासलेली नाही, एवढाच बहुतेक वेळा त्याचा अर्थ असतो. पण तेच चित्र समितीकडे गेलं, तर दाखल्याबद्दल विनाकारण शंका येते. म्हणून स्क्रीनशॉटबरोबर मूळ पीडीएफही जोडावी आणि दाखल्यावरचा बारकोडजवळचा क्रमांक अर्जात टाइप करावा. त्या क्रमांकावरून समितीला दाखला पडताळता येतो. दाखला तीन वर्षांचा असेल, तर त्यात तीन आकडे असतात. त्यातला अटीत मागितलेल्या वर्षाचा आकडा कोणता, हे आपणच लिहावं. दाखल्याची मुदतही पाहावी. ती बहुधा ३१ मार्चला संपते.

तिसरी अडचण नावाची, आणि ती सर्वांत जास्त नडते. दाखला सहसा वडिलांच्या नावाने असतो, गुणपत्रिका मुलीच्या. दोन्ही कागद जोडणारा दुवा म्हणजे तिच्या नावातलं वडिलांचं नाव. समजा, गुणपत्रिकेवर ‘ज्ञानेश्वर’ आहे आणि दाखल्यावर ‘ज्ञानोबा’. घरच्यांना ती एकच व्यक्ती आहे हे माहीत असतं, पण समितीला ते कळायला मार्ग नाही. ही तफावत समितीच्या नजरेत येण्याआधी आपणच सांगावी.

हे सगळं अर्जात असं मांडता येईल:

‘मी बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्च २०२५ मध्ये उत्तीर्ण झाले. ६०० पैकी ४७१ गुण, ७८.५० टक्के (चित्र १, आसन क्रमांक वरच्या भागात). आपली अट ७५ टक्क्यांची आहे. कुटुंबाचे २०२४-२५ चे उत्पन्न १,८६,००० रुपये आहे (चित्र २, दाखला क्रमांक खाली दिला आहे, पीडीएफ जोडली आहे). अट २,५०,००० रुपयांची आहे. गुणपत्रिकेवर माझ्या वडिलांचे नाव ज्ञानेश्वर आणि दाखल्यावर ज्ञानोबा असे आहे. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असून त्यासाठी त्यांचे प्रतिज्ञापत्र जोडले आहे. मूळ कागद मागाल तेव्हा दाखवीन.’

यात विनवणी कुठेही नाही. घरची अडचण, पुढे काय शिकायचं आहे, हे यानंतरच्या परिच्छेदात मोकळेपणाने लिहावं. पात्रतेच्या ओळींत ते मिसळलं की आकडे हरवतात. आणखी एक गोष्ट: टक्के काढताना ७४.६ चे ७५ करू नयेत. जिथे किमान ७५ ची अट आहे, तिथे ७४.६ अपात्रच ठरतात, आणि वर लिहिलेला आकडा चित्रातल्या आकड्याशी जुळला नाही की बाकीच्या ओळींवरचा विश्वासही जातो.

पाठवण्याआधी चित्र दुसऱ्या कोणाच्या तरी मोबाइलवर उघडून पाहावं. व्हॉट्सॲपवरून साधं चित्र म्हणून पाठवलं, तर ते दाबलं जातं आणि दाखल्यावरचे बारीक अंक पुसट होतात. तेच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलं, तर अंक स्पष्ट राहतात.