'टू'मध्ये दडलेला नकार

'चहा इतका गरम आहे की मला पिववत नाही' याचे इंग्रजी आपले विद्यार्थी 'द टी इज टू हॉट दॅट आय कॅनॉट ड्रिंक इट' असे करतात. 'की'साठी 'दॅट' हे त्यांचे बरोबरच. पण 'दॅट'ची जोडी 'सो'शी: 'सो हॉट दॅट आय कॅनॉट ड्रिंक इट'. दोन 'ओ'वाल्या 'टू'त नकार आधीच असतो. म्हणून 'टू हॉट टू ड्रिंक' एवढेच. 'कॅनॉट' नको, शेवटचे 'इट'ही नको. (देवनागरीत दोन्ही 'टू' सारखेच दिसतात, तेव्हा फळ्यावर रोमन लिपीतच लिहावे.) विशेषणापाठोपाठ नाम आले, की सहसा 'सो'ऐवजी 'सच': 'सच हॉट टी दॅट…'. चहा निवला, की 'कूल इनफ टू ड्रिंक'. 'इनफ' विशेषणानंतर येतो, नामाआधी मात्र: 'इनफ टी'.